एसीएल तपासताना या चुका टाळा: ड्रॉवर निगेटिव्ह आली म्हणून पेशंटला घरी पाठवू नका

दरवर्षी नवीन ज्युनिअर आले की हे बघायला लागतं. सुजलेला गुडघा घेऊन पेशंट येतो, साहेब गुडघा वाकवतात, पेशंटच्या पावलावर बसतात, दोन्ही हातांनी नडगी पुढे खेचतात, म्हणजे ड्रॉवर टेस्ट करतात, काही हलत नाही, की झालं, केसपेपरवर 'एसीएल इंटॅक्ट'. अर्ध्या मिनिटात निकाल!

एक पोरगा आठवतो, एकवीस वर्षांचा, कबड्डीवाला. चढाईत वळताना पाय रोवला गेला, आतून कट् आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म. इतक्या लवकर सूज म्हणजे आत रक्त साठलंय, आणि अशा गुडघ्यात एसीएल फाटलंय असंच धरून तपासायला बसायचं. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा आमच्या ज्युनिअरने ड्रॉवर केली, गुडघा जेमतेम ७० अंश वाकत होता तरी केली, निगेटिव्ह आली, आणि नी कॅप, गोळ्या देऊन पाठवून दिलं. सहा आठवड्यांनी जिना उतरताना गुडघा सटकला. मी लॅकमन केली तर नडगी सरळ पुढे आली, थांबायचं नाव नाही. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेलं, वर आतल्या बाजूचा मेनिस्कसही फाटलेला. ज्युनिअर म्हणाला, "पण सर, तेव्हा ड्रॉवर खरंच निगेटिव्ह होती." ज्युनिअर खोटं बोलत नव्हता, तीच तर गोम आहे.

ताज्या दुखापतीत ड्रॉवर फसवते त्याची कारणं साधी आहेत. रक्ताने भरलेला गुडघा ९० अंशापर्यंत वाकतच नाही. जबरदस्तीने वाकवला तर दुखतं आणि हॅमस्ट्रिंग आवळतात, आणि त्या कोनात त्यांची ओढ नडगीला थेट मागे असते, म्हणजे तुम्ही पुढे खेचताय आणि पेशंट नकळत मागे. त्यात मेनिस्कसचा मागचा भाग दाराखाली सारलेल्या पाचरीसारखा अडतो. जुन्या दुखापतीत सूज आणि दुखणं गेलेलं असतं, तिथे हीच टेस्ट चांगली चालते. २००६ साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला हिशोब सांगतो की जुन्या केसेसमध्ये ड्रॉवरची सेन्सिटिव्हिटी ९२ टक्के, ताज्यात मात्र भरवसा नाही. लॅकमनची एकूण ८५ टक्के. आणि पिव्हट शिफ्टची फक्त २४, पण स्पेसिफिसिटी ९८! म्हणजे पिव्हट शिफ्ट नीट पॉझिटिव्ह आली तर एसीएल गेलंय समजा, निगेटिव्ह आली तर त्यातून काहीच समजू नका.

लॅकमनमध्ये चुकतात ते पकडीत. गुडघा २० ते ३० अंशच वाकलेला हवा, एक हात मांडीवर बाहेरून, दुसरा नडगीवर आतून, अंगठा नडगीच्या पुढच्या उंचवट्यावर, आणि मांडी स्थिर ठेवून नडगी पुढे. जाडजूड मांडी एका हातात मावत नाही, मग लोक हवेतच गुडघा धरून हलवत बसतात आणि पेशंट घाबरून मांडी कडक करतो. मी स्वतःचा गुडघा टेबलवर टेकवून पेशंटची मांडी त्यावर ठेवतो, वरून एका हाताने दाबतो, की पाय आपोआप सैल पडतो. पाय सैल पडेपर्यंत मी टेस्ट सुरूच करत नाही, गप्पा मारतो, घाई असलेल्यांनी दुसरी ब्रांच घ्यावी. आणि नुसतं किती पुढे आलं ते बघू नका, शेवटी ठक्कन थांबतं की मऊ मऊ जातच राहतं ते हाताला कळलं पाहिजे.

चांगला गुडघा आधी तपासा. काहींचे दोन्ही गुडघे मुळातच सैल असतात.

ड्रॉवर खेचण्याआधी दोन्ही गुडघे वाकवून बाजूने बघा, कारण पीसीएल फाटलं असेल तर नडगी आधीच मागे पडलेली असते, तुम्ही तिला फक्त जागेवर आणता आणि 'एसीएल पॉझिटिव्ह' लिहून मोकळे होता.

गुडघा अडकलाय, पूर्ण सरळ होत नाही? मेनिस्कसचा तुकडा आत अडकलेला असू शकतो, आणि मग लॅकमनही खोटी निगेटिव्ह येते.

राहिली पिव्हट शिफ्ट. व्हिडिओ बघून आलेल्यांना हीच आधी करायची असते. पाय सरळ, पाऊल आत वळवून, गुडघ्याला बाहेरून आत दाब देत हळूहळू वाकवायचं, साधारण ३० अंशाच्या आसपास पुढे सरकलेली नडगी खटकन मागे जागेवर बसते. पेशंटला तो झटका म्हणजे नेमकी गुडघा सटकल्याचीच भावना, म्हणून एकदा झाला की दुसऱ्यांदा तो पाय देतच नाही. त्यामुळे जागा पेशंट, ताजी दुखापत असेल तर मी ती ओपीडीत करत नाही. ऑपरेशनच्या दिवशी भूल दिल्यावर, स्नायू सैल झाल्यावर करतो, तेव्हा ती बरीच जास्त वेळा सापडते. ज्युनिअरलाही तिथेच हात लावायला देतो, एका वेळी एकालाच, आणि दोनच वेळा.