एकच चेहरा, पण हसू आणि आश्चर्य दोन्ही खरं

कॉम्फीयूआय या एआय चित्रं बनवण्याच्या साधनात, एका फोटोतला चेहरा नव्या चित्रांत आणणारं इन्स्टंटआयडी हे तंत्र वापरताना संदर्भ फोटोतला चेहरा नीट उतरतो, पण त्यातलं स्मितही प्रत्येक चित्रात चिकटून येतं. कारण हे तंत्र ओळखीसोबत डोळे, नाक आणि ओठांचे दोन कोपरे असे पाच बिंदूही त्याच फोटोतून उचलतं.

म्हणून ओळखीसाठी ओठ मिटलेला, निर्विकार फोटो द्या. आश्चर्य हवं असेल तर तोंड उघडलेला दुसरा फोटो इन्स्टंटआयडीच्या नोडमधल्या `image_kps` या इनपुटला जोडा, म्हणजे पाच बिंदू त्यातून घेतले जातील; तो कुणाचाही चालेल, फक्त मानेचा कोन हवा तसा असावा. पाच बिंदूंत भुवया नाहीतच, त्यामुळे प्रॉम्प्टमध्ये नुसतं ‘आश्चर्यचकित’ पुरत नाही. उंचावलेल्या भुवया, कपाळावरच्या आठ्या, खाली आलेला जबडा असं लिहा.

तरीही चेहरा थिजलेला वाटला, तर चित्र घडताना हे तंत्र कधीपासून लागू व्हावं ते ठरवणारं `start_at` ०.२ च्या आसपास न्या. भाव आधी आकार घेतो, ओळख नंतर बसते. फार पुढे नेलंत तर माणूसच बदलतो.

हसऱ्या चित्रात ओठ झाकून डोळे बघा. गाल वर येऊन खालची पापणी आवळलेली दिसली नाही, तर मला ते हसू खोटंच वाटतं.