या चुका टाळा: विषम-सम गुणाकारांची श्रेणी आणि राबेचा एक

उन्हाळी परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे. धरमपेठेतल्या आमच्या खोलीत कूलर घरघरत असतो, आणि रोज कुणीतरी एकच गणित घेऊन येतं:

```
1/2 + (1·3)/(2·4) + (1·3·5)/(2·4·6) + ...
```

परवा बी.एस्सी.च्या एका मुलीने वही पुढे केली. "सर, रेशो एकापेक्षा कमीच येऊन राहिला नं. मग कन्व्हर्ज का नाही?" तिने दहा पदं कॅल्क्युलेटरवर काढली होती, पदं लहान होत चालली होती, आणि खाली ठाम अक्षरात 'अभिसारी' लिहिलं होतं. उत्तर चूक होतं. पण अशी चूक जिथे होते ती जागा नीट पाहिली, की या जातीची सगळी गणितं हातात येतात. म्हणून तिची वही आहे तशी पुढे घेतो.

पुढचं पद लिहिताना

`n` वं पद `a_n` म्हणू. त्याच्या अंशात शेवटचा अवयव `2n-1`, छेदात `2n`. पुढच्या पदात `n` च्या जागी `n+1` घातलं की शेवटचे अवयव `2n+1` आणि `2n+2` होतात. इथवर सगळ्यांना येतं. गडबड होते ती काटाकाटीत. `a_(n+1)` मध्ये आधीचे सगळे अवयव, म्हणजे `2n-1` आणि `2n` सुद्धा, तसेच असतात. वर फक्त एक नवा अवयव वाढतो आणि खाली एक. पुष्कळ मुलं मात्र 'शेवटचं काढलं, नवं घातलं' असं समजून `2n-1` च्या जागी `2n+1` बसवतात आणि हे लिहितात:

```
चूक:    a_n / a_(n+1) = (2n-1)(2n+2) / ((2n+1)(2n))
बरोबर:  a_n / a_(n+1) = (2n+2) / (2n+1)
```

दोन्हींची सीमा १ येते, त्यामुळे रेशो टेस्टच्या पायरीवर ही चूक दिसतच नाही. पुढे, रेशो टेस्ट अडल्यावर लावायची राबेची कसोटी लावली की चुकीच्या गुणोत्तरातून सीमा ० मिळते. श्रेणी खरोखरच अपसारी असल्यामुळे शेवटचं उत्तरही योगायोगाने जुळतं, आणि चूक वहीत तशीच राहते. तीच श्रेणी प्रत्येक पदाचा घन करून आली, की हीच पद्धत पुन्हा ० देते आणि 'अपसारी' म्हणते. घनांची श्रेणी तर अभिसारी आहे.

याला अर्ध्या मिनिटाची तपासणी पुरते. `n = 1` घाला. पहिलं पद १/२, दुसरं ३/८, त्यांचं गुणोत्तर ४/३. बरोबर सूत्र ४/३ देतं, चुकीचं २/३ देतं. राबे लावण्याआधी एवढं करायचंच.

श्रेणीच्या सुरुवातीला सुटा १ दिला असेल तर तो बाजूला ठेवा आणि `1/2` पासून मोजा. एक पद सोडल्याने अभिसरणात काही बदल होत नाही, आणि `2n-3` सारखे अवयव टळतात.

एकापेक्षा लहान असणं आणि सीमा एकापेक्षा लहान असणं

त्या मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. `a_(n+1)/a_n = (2n+1)/(2n+2)`, आणि हे प्रत्येक `n` साठी एकापेक्षा लहानच आहे. पण रेशो टेस्टला प्रत्येक गुणोत्तर लहान असून चालत नाही, ते एकापासून ठरावीक अंतर राखून लहान राहिलं पाहिजे. इथे ते ३/४, ५/६, ७/८ असं एकाला चिकटत जातं. सीमा १. टेस्ट काहीच सांगत नाही, आणि वहीत तसंच लिहायचं: कसोटी निष्फळ.

पदं शून्याकडे जातात हेही खरं, पण तेवढ्याने भागत नाही. या श्रेणीत तर बेरीज थेट मोजता येते. मी तिला सुरुवातीचा १ धरून बेरजा काढायला लावल्या: १.५, १.८७५, २.१८७५. मग प्रत्येक बेरजेला शेवटच्या पदाने भागायला सांगितलं. १.५ ला ०.५ ने भागून ३, १.८७५ ला ०.३७५ ने भागून ५, २.१८७५ ला ०.३१२५ ने भागून ७. ती स्वतःच म्हणाली, "सर, विषम संख्या येत आहेत."

```
1 + a_1 + a_2 + ... + a_n = (2n+1)·a_n
```

सिद्धता एका ओळीची आहे. `(2n+2)·a_(n+1) = (2n+1)·a_n`, म्हणून बेरजेत `a_(n+1)` मिळवलं की `(2n+3)·a_(n+1)` होतं. आता `a_n` साधारण केवढं आहे ते कळलं की बेरीज कुठे जाते ते कळेल. ते पुढे येतंच आहे.

राबेची दिशा

योझेफ राबे या स्विस गणितज्ञाने ही कसोटी १८३२ मध्ये मांडली. रेशो टेस्ट जिथे १ वर अडते तिथे ती विचारते की गुणोत्तर एकापासून किती सावकाश सुटतंय:

```
R = lim n·( a_n/a_(n+1) - 1 )
```

`R > 1` तर अभिसारी, `R < 1` तर अपसारी. मुलांचा गोंधळ इथे होतो, कारण रेशो टेस्टमध्ये 'एकापेक्षा लहान म्हणजे अभिसारी' हे डोक्यात बसलेलं असतं. राबेत आधीचं पद वर आणि पुढचं खाली आहे, म्हणून दिशा उलटते. पाठ करण्यापेक्षा `1/n²` वर एकदा लावून पाहा: `R = 2` येतो, आणि ती श्रेणी अभिसारी आहे हे आपल्याला माहीतच असतं. दिशा विसरली तर परीक्षेत कच्च्या कामाच्या पानावर हे करायला वेळ लागत नाही.

आपल्या श्रेणीत `a_n/a_(n+1) - 1 = 1/(2n+1)`, त्याला `n` ने गुणलं की सीमा १/२. अपसारी. प्रत्येक पदाचा `p` वा घात घेतला तर सीमा `p/2` होते. म्हणजे `p` दोनपेक्षा मोठा तर अभिसारी, लहान तर अपसारी. आणि `p = 2` ला राबेसुद्धा १ वर येऊन थांबते. पेपरात वर्ग असलेलं गणित पुन्हापुन्हा येतं ते याचसाठी.

राबे बरोबर १ आल्यावर

या जागी तीन प्रकारची उत्तरं मी पाहतो. कुणी 'R = 1, म्हणून अपसारी' लिहितं. उत्तर बरोबर, कारण चूक, कारण `R = 1` असलेल्या अभिसारी श्रेणीही असतात. कुणी बेरीज कॅल्क्युलेटरवर पाहून 'स्थिरावते, म्हणून अभिसारी' म्हणतं. वर्गांच्या श्रेणीची पहिली दहा लाख पदं मिळवली तरी बेरीज साडेचारपर्यंतही पोचत नाही, तेव्हा आकड्यांवर इथे भरवसा ठेवता येत नाही. तिसरे थेट गॉसची कसोटी लिहितात. ते चालतं, फक्त विस्तार बरोबर हवा: `1 + 1/n` आणि उरलेलं `1/n²` च्या प्रतीचं. उरलेल्याची प्रत न दाखवता नुसतं 'गॉसनुसार' लिहिलं तर पायरी अपुरी राहते.

मला यापेक्षा साधी वाट आवडते. सीमा घेण्याआधी एक पाऊल थांबायचं. `b_n = (a_n)²` धरा:

```
b_n/b_(n+1) - 1 = (2n+2)²/(2n+1)² - 1 = (4n+3)/(2n+1)²

n·( b_n/b_(n+1) - 1 ) = (4n²+3n)/(4n²+4n+1)
```

उजवीकडचा अपूर्णांक एकाकडे जातो, पण प्रत्येक `n` साठी तो एकापेक्षा लहान आहे, कारण छेद अंशापेक्षा `n+1` ने मोठा आहे. सीमा घेताना ही माहिती पुसली जाते. ती तशीच ठेवून वरची असमता उलगडली, की `n·b_n < (n+1)·b_(n+1)` मिळतं. म्हणजे `n·b_n` सतत वाढत जातं. पडताळा घ्या: ०.२५, मग २ × ९/६४ म्हणजे सुमारे ०.२८१, मग ३ × २५/२५६ म्हणजे सुमारे ०.२९३. वाढतच आहे. म्हणून `n·b_n` कधीच पहिल्या किमतीच्या, म्हणजे १/४ च्या, खाली जात नाही:

```
b_n ≥ 1/(4n)
```

`1/n` ची श्रेणी अपसारी, म्हणून तुलना कसोटीने वर्गांचीही अपसारी. गॉस नको, लॉगॅरिथम नको.

या ओळीचं वर्गमूळ घेतलं की `a_n ≥ 1/(2√n)`. वरच्या बाजूची मर्यादाही सोपी आहे. `(2k-1)(2k+1) < (2k)²` हे `k` च्या १ पासून `n` पर्यंतच्या किमतींसाठी लिहून सगळ्यांचा गुणाकार केला की `a_n < 1/√(2n+1)` मिळतं. म्हणजे `a_n` सतत `1/√n` च्या मापाचं आहे. मघाची बेरीज `(2n+1)·a_n` त्यामुळे `√n` पेक्षा मोठी राहते, १०० व्या पदाला ती ११ च्या पुढे गेलेली असते. घनांची श्रेणी का अभिसारी, तेही इथूनच दिसतं: तिची पदं `(2n+1)` च्या दीड घाताच्या व्यस्तापेक्षा लहान आहेत. `1656` च्या सुमारास वॉलिसने π साठी जो गुणाकार दिला, त्यातून तर नेमकी किंमत निघते: `n·b_n` वाढत वाढत `1/π` कडे, म्हणजे ०.३१८ कडे जातं.

x आला की

`a_n·x^n` ची श्रेणी असेल तर `x` धनच आहे असं गृहीत धरू नका. `|x| < 1` ला निरपेक्ष अभिसरण आणि `|x| > 1` ला अपसरण, एवढं रेशो टेस्ट देते. राबे लावायची ती `x = 1` ही किंमत घातल्यावर. `x` तसाच ठेवून लावली तर `n` ने गुणल्यावर सीमा अनंताकडे पळते आणि वहीचं पान वाया जातं.

`x = -1` ला राबे लावून 'अपसारी' लिहिणारेही बरेच आहेत. राबे धन पदांसाठी आहे. इथे चिन्हं आळीपाळीने बदलतात, `a_n` उतरत जातं, आणि `1/√(2n+1)` खाली दबून शून्याकडे जातं, म्हणून लाइबनिट्सच्या कसोटीने ती अभिसारी आहे, फक्त निरपेक्ष नाही. सुरुवातीचा १ धरला तर `1 - 1/2 + 3/8 - 5/16 + ...` ची बेरीज `1/√2` येते. ही द्विपद विस्तारातली `(1-x)` च्या उणे अर्ध्या घाताची श्रेणी आहे, `x = -1` ला घेतलेली.