विभक्त झाल्यावर मुलाचा पासपोर्ट: दुसऱ्या पालकाची सही, आणि ती मिळाली नाही तर

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना मी त्याच्या पासपोर्टसाठी पहिला अर्ज केला. घटस्फोटाचा दावा तेव्हा कोर्टात सुरू होता. तो अर्ज अडकला, आणि चूक माझीच होती. त्यानंतर त्याचं नूतनीकरण झालं, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणींसोबत (दोन वडिलांसोबतही) मी कागद लावायला बसले. दर वेळी अडचण त्याच एका पानावर येते. म्हणून हा लेख मुख्यतः त्या पानाबद्दल आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. पासपोर्ट काढायला लागणारी संमती आणि परदेशी नेण्यासाठी लागणारी संमती हे दोन वेगळे कागद आहेत. एकावर दुसऱ्याचं काम भागत नाही.

ऑनलाइन अर्ज, फी, अपॉइंटमेंट, जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा हे सगळं www.passportindia.gov.in वर नीट दिलेलं आहे. ते पाहून करा.

दोघंही सही करायला तयार असाल तर अर्जासोबत अ‍ॅनेक्शर डी हा संमतीचा नमुना भरा. साध्या कागदावर, दोघांच्या सह्या, बस. स्टँप पेपर आणि नोटरी 2016 च्या डिसेंबरपासून लागत नाही. कोणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

दुसऱ्या पालकाची सही मिळत नसेल तर अ‍ॅनेक्शर सी. हेच ते पान. यात अर्ज करणारा पालक एकट्याने सही करतो आणि दुसऱ्याची संमती का नाही ते सांगतो. विभक्त राहतो पण दावा नाही, दावा सुरू आहे, घटस्फोट होऊन ताबा मिळाला आहे, दुसरा पालक सोडून गेला आहे, अशा वेगवेगळ्या परिस्थिती असतात. तुमची जी खरी आहे तीच लिहायची.

मला एका एजंटाने सांगितलं होतं, “ताई, सोडून गेला असं लिहा, पटकन होतं.” मी लिहिलं. प्रत्यक्षात कोर्टाच्या अंतरिम आदेशाने मुलाचे वडील एक शनिवार सोडून एक शनिवार त्याला भेटत होते. त्यांना अर्जाचं कळलं, त्यांनी पासपोर्ट कार्यालयाला पत्र दिलं आणि सोबत तो आदेश जोडला. मला खुलासा मागणारं पत्र आलं. ज्या माणसाला मूल दर पंधरवड्याला भेटतं, तो मुलाला सोडून गेला असं मी लेखी दिलं होतं. पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 नुसार जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मिळालेला पासपोर्ट जप्तही होऊ शकतो. शिवाय तुमचं ते खोटं विधान ताब्याच्या दाव्यात समोरचे वकील पहिल्याच तारखेला काढतात. सही न मिळण्यापेक्षा हा धोका फार मोठा आहे.

दुसऱ्या वेळी मी सरळ लिहिलं: दावा कुटुंब न्यायालयात प्रलंबित आहे, मूल माझ्या ताब्यात आहे, वडिलांना भेटीचा हक्क आहे, आणि मुलाला पासपोर्ट देण्यास न्यायालयाने मनाई केलेली नाही. सोबत अंतरिम आदेशाची प्रत. शेवटच्या काउंटरवर अधिकाऱ्यांनी आदेशाचं प्रत्येक पान वाचलं. या वेळी वडिलांच्या पत्रावर द्यायला माझ्याकडे उत्तर होतं, कारण त्यांना जे सांगायचं होतं ते मी आधीच सांगितलं होतं.

म्हणून अ‍ॅनेक्शर सी भरण्याआधी आपल्या दाव्यातले सगळे आदेश पुन्हा वाचा. वकिलांना फोनवर विचारू नका, प्रत हातात घ्या. “परवानगीशिवाय पासपोर्ट काढू नये” असं काही असेल तर अ‍ॅनेक्शर सी चालणार नाही, आधी कोर्टाची परवानगी आणावी लागेल. “न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेऊ नये” एवढंच असेल तर ते प्रवासाबद्दल आहे. पासपोर्टसाठी अर्ज करता येतो, पण ती ओळ लपवू नका. अर्जात वडिलांचं नाव न लिहिता काम भागवण्याचा सल्लाही मिळतो. एकाच पालकाचं नाव चालतं हे खरं, पण वडील हयात आहेत, जन्मदाखल्यावर आहेत, कोर्टात येतात. अशा वेळी नाव गाळून संमतीचा प्रश्न सुटत नाही.

आणि समोरच्याने हरकत घेतली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. आईवडिलांचा वाद सुरू, मुलीला अभ्यासदौऱ्यासाठी जपानला जायचं, वडिलांचा विरोध, आणि आईने अ‍ॅनेक्शर सी दिलेलं. परदेशी जाण्याचा मुलीचा मूलभूत हक्क वडिलांनी संमती नाकारली म्हणून हिरावून घेता येणार नाही, असं म्हणून न्यायालयाने पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. तुमचा अर्ज केवळ हरकतीवरून अडवला तर हा निकाल वकिलांना दाखवा.

आता प्रवास. संमतीपत्राचा एकच ठरलेला सरकारी नमुना नाही, म्हणून लोक “माझी काही हरकत नाही” एवढी एक ओळ लिहून आणतात. त्याचा काही उपयोग नाही. मुलाचं पासपोर्टवरचं नाव आणि नंबर, देश, जाण्याची आणि परतण्याची तारीख, सोबत कोण, मुक्काम कुठे, हे सगळं हवं. माझा भाऊ जर्मनीत आहे. आमच्या पत्रात 12 मे ते 2 जून, भावाचा पत्ता आणि फोन असं सगळं होतं. इथे मात्र नोटरी करा आणि मजकूर इंग्रजीत ठेवा, कारण ते वाचणार परदेशी वकिलातीतले लोक. सही करणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडा; ओळखपत्रावरची सही आणि पत्रावरची सही जुळली पाहिजे. शेंगेन व्हिसाला दोन्ही पालकांची संमती मागतात. एकट्याचा ताबा असेल तर कोर्टाचा आदेश त्याच्या भाषांतरासह द्या.

ही सही मिळाली नाही, किंवा हद्दीबाहेर नेण्याला मनाई असेल, तर कोर्टात अर्ज करा. येण्याजाण्याची तिकिटं किंवा त्यांचं आरक्षण, मुक्कामाचा पत्ता, शाळेची सुट्टी, परत येण्याची लेखी हमी, आणि बुडणाऱ्या भेटींच्या बदल्यात कोणत्या तारखा देणार ते लिहा. हे शेवटचं कोणी लिहीत नाही, आणि माझ्या अनुभवात अर्ज मंजूर होतो तो त्यानेच. समोरच्या बाजूला म्हणणं मांडायला तारीख मिळते, ती पुढे ढकलली जाते, आणि मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते. मेच्या प्रवासाचा अर्ज फेब्रुवारीत करा, एप्रिलमध्ये नाही.

विमानतळावर मूळ संमतीपत्र किंवा आदेशाची प्रमाणित प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. परत आल्यावर आदेशात सांगितलेल्या मुदतीत कोर्टाला कळवा, आणि पासपोर्ट जमा करायचा असेल तर त्याच आठवड्यात जमा करून पोच घ्या. पुढच्या वर्षीच्या अर्जाला ती पोच जोडायची आहे.