कळा खऱ्या की खोट्या? घड्याळ लावून कसं ओळखावं

नववा महिना लागला की पोट अधूनमधून दगडासारखं कडक होतं आणि घरातले सगळे बॅगेकडे बघू लागतात. बऱ्याचदा ती सरावाची कळ असते. गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि सैल पडतो, पण गर्भाशयाचं तोंड काही उघडत नाही. 1872 साली जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी या कळांचं वर्णन केलं, म्हणून त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. एकट्या कळेवरून ती खरी की खोटी हे सांगता येत नाही. सरावाची कळही चांगली जोरात येऊ शकते. खरं काय ते कळतं चार-पाच कळा ओळीने मांडल्यावर.

कागद, पेन आणि सेकंद दाखवणारं घड्याळ जवळ घ्या. मोबाईलचं अॅपही चालतं, पण ऐन कळेत बटण दाबायचं राहून जातं, त्यामुळे लिहायला दुसरं कुणी असेल तर उत्तम. पोटावर तळहात सपाट ठेवा. पोट कडक व्हायला लागलं की वेळ लिहा, पूर्ण सैल पडलं की पुन्हा लिहा. या दोन वेळांमधला फरक म्हणजे कळ किती टिकली. दोन कळांमधलं अंतर मात्र एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजायचं. इथेच घोटाळा होतो. कळ 2 वाजता सुरू झाली, मिनिटभर टिकली आणि पुढची 2:05 ला आली, तर अंतर 5 मिनिटांचं. मधली विश्रांती तेवढी मोजणारा 4 मिनिटं सांगतो आणि डॉक्टरांपर्यंत चुकीचं चित्र जातं.

एक उदाहरण घेऊ. पहिलटकरीण आहे, 39वा आठवडा चालू आहे. रात्री 11:10, 11:22, 11:29 आणि 11:47 ला कळा आल्या. म्हणजे अंतरं 12, 7 आणि 18 मिनिटं. पहिल्या तीन कळा टिकल्या 25, 40 आणि 20 सेकंद. यात कसलाच क्रम नाही. अशा वेळी आधी लघवीला जाऊन यायचं, दोन पेले पाणी प्यायचं आणि कुशीवर पडायचं. आडवी असाल तर उलट उठून थोडं चालायचं. भरलेलं मूत्राशय आणि अंगातलं कमी झालेलं पाणी, या दोन्हींनी सरावाच्या कळा चेवतात. तासाभरात त्या विरल्या, तर झोपून घ्या.

दोन दिवसांनी तिलाच पहाटे 2:05, 2:14, 2:22 आणि 2:29 ला कळा येतात. अंतर 9, 8, 7 असं उतरत जातं आणि प्रत्येक कळ आधीच्या कळेपेक्षा थोडी जास्त टिकते. दुखणं कमरेतून सुरू होऊन पोटाकडे येतं (सगळ्यांनाच असं होत नाही, म्हणून यावर फार विसंबू नका). पाणी पिऊन, कूस बदलूनही फरक पडत नाही. कळ भरात असताना तिला वाक्य पुरं करता येत नाही. ही खरी सुरुवात.

निरोगी पहिलटकरणीसाठी साधारण हिशेब असा: दर 5 मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभराची, आणि हे तासभर टिकलेलं. मग फोन करायचाच. आधी एखादं बाळंतपण झालं असेल तर प्रसूती झपाट्याने होऊ शकते, म्हणून कळा नियमित होताच कळवा. दवाखाना लांब असेल, पूर्वी सिझेरियन झालं असेल किंवा जुळी असतील तर हा हिशेब लावत बसू नका. कधी कळवायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

काही वेळा घड्याळ बघायचंच नसतं. 37 आठवडे पुरे होण्याआधी ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या तर त्या दुखत नसल्या तरी लगेच फोन करा. पाणी गेलं, मग कळा असोत वा नसोत, तरीही. ते हिरवट असेल तर एक मिनिटही थांबू नका. चिकट स्राव आणि त्यात रक्ताची बारीक रेघ दिसली तर दिवस भरत आल्याची ती खूण असू शकते, पण पाळीसारखा रक्तस्राव, बाळाची कमी झालेली हालचाल, ताप किंवा मध्ये अजिबात न ओसरणारी पोटदुखी असेल तर ताबडतोब निघा.

फोनवर आठवडा, कितवं बाळंतपण, कळांमधलं अंतर, प्रत्येक कळ किती टिकते आणि पाणी गेलं का, एवढं सांगा. कळेच्या वेळी फोन बाईच्या हातात द्या, तिच्या आवाजावरूनही पलीकडच्या नर्सला बरंच समजतं. कधीकधी नियमित वाटणाऱ्या कळाही काही तासांनी थांबतात. शेवटचा निवाडा गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते तपासूनच होतो. ते उघडायला लागलं नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर घरी पाठवतील. कागद टाकू नका, पुढच्या कळा त्याखालीच लिहा.