अंगठ्यावर पैसे देताना: किन्हवलीजवळच्या दुकानातून

शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे माझं किराणा दुकान आहे. आधारवर पैसे काढून देण्याचं आणि रिचार्जचं काम मी तिथूनच करतो. नव्याने सुरू करणारे आधी कमिशन विचारतात. मी त्यांना आधी रोकडीचं सांगतो.

ग्राहकाने अंगठा दिला की त्याच्या खात्यातले पैसे, मी ज्या कंपनीमार्फत हे काम करतो तिच्याकडच्या माझ्या वॉलेटमध्ये येतात आणि नोटा माझ्या गल्ल्यातून जातात. लाडकी बहीणचे पैसे आले त्या दिवशी मी ४०,००० घेऊन बसलो होतो. २६ बायकांनी प्रत्येकी १,५०० काढले आणि ३९,००० गेले. माझ्या कंपनीच्या दराने एका व्यवहाराचे ४ रुपये, म्हणजे १०४ रुपये मिळाले. गल्ल्यात हजार रुपये उरले आणि बाहेर रांग तशीच. नोटा आणायला शहापूरच्या शाखेत जायचं, तर कमिशनचा मोठा भाग भाड्यातच जातो, वर दुकान बंद.

रिचार्जचं उलटं असतं. तिथे वॉलेट कमी होतं आणि हातात नोटा येतात. किराण्याच्या नोटाही येतातच. म्हणून आता मी गल्ल्यातली रोकड अंगठेवाल्यांना देतो आणि वॉलेटमधले पैसे खात्यात घेऊन घाऊक व्यापाऱ्याला ऑनलाइन देतो. शाखेच्या फेऱ्या त्यामुळे खूप कमी झाल्या.

खरा धोका अडकलेल्या व्यवहाराचा. शेजारच्या पाड्यावरच्या एका मावशींनी ८,००० काढायला अंगठा दिला. नेटवर्क गेलं, स्क्रीनवर ‘पेंडिंग’ आलं, आणि मुलाच्या फोनवर पैसे वजा झाल्याचा मेसेज. दवाखान्याचं काम होतं, म्हणून मी पैसे दिले. वॉलेट पाहिलं नाही. तिथे काहीच जमा झालेलं नव्हतं! चौथ्या दिवशी ते ८,००० मावशींच्याच खात्यात परत गेले. मी घरी जाऊन समजावलं, त्यांनी दुकानात येऊन पुन्हा अंगठा दिला, म्हणून माझे सुटले. अनोळखी माणूस असता तर ८,००० भरून काढायला ४ रुपयांचे २,००० व्यवहार करावे लागले असते.

तेव्हापासून वॉलेटमध्ये रक्कम दिसल्याशिवाय मी नोट मोजत नाही. पेंडिंग आलं की लगेच दुसरा अंगठा घेत नाही, कारण दोनदा पैसे कापले जाऊ शकतात. पावतीवरचा RRN, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ वहीत लिहितो, पावती ग्राहकाला देतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असे पैसे व्यवहारानंतर ५ दिवसांत परत करायचे असतात, त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. हे मी शांतपणे सांगतो. माणूस चिडलेला असतो, त्याचे पैसे खरंच गेलेले दिसत असतात. सहाव्या दिवशी त्याला बोलावून शिल्लक तपासून देतो. पैसे आले नसतील तर तोच RRN देऊन कंपनीकडे आणि त्याच्या बँकेत तक्रार करायला लावतो.

ग्राहकाकडून वरचे दहा-वीस रुपये मात्र घेऊ नका. आपण हे काम बँक प्रतिनिधी म्हणून करतो, आणि बँक प्रतिनिधीला ग्राहकाकडून थेट पैसे घेण्याची परवानगी नाही. शिवाय १,५०० काढणाऱ्या बाईला त्यातले वीस मोठे असतात.