नुसत्या मजकुरावरून एसआरटी फाइल: वेळेचा अंदाज कसा बांधावा

व्हिडिओत बोललेला मजकूर टाइप करून तयार आहे, पण सबटायटलच्या एसआरटी फाइलला लागते ती माहिती, म्हणजे कुठली ओळ कितव्या सेकंदाला येते हे, त्यात नाही. प्रत्येक ओळीसाठी ऑडिओ थांबवत बसायची गरज नसते. बोलायला लागणारा वेळ साधारणपणे अक्षरांच्या प्रमाणात असतो, त्यामुळे मधल्या वेळा हिशेबाने काढता येतात.

आधी मजकुराचे सबटायटलएवढे तुकडे पाडा. तुकडा अर्थाच्या ठिकाणी तुटावा आणि पडद्यावर दोन ओळींत मावावा. मग ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये ऑडिओ उघडा. आवाजाची रेघ जिथे सपाट होते, तिथे बोलणारा थांबलेला असतो. अशा ठळक विरामाच्या आधीचे बोलणे कधी संपले आणि नंतरचे कधी सुरू झाले, एवढ्याच वेळा टिपा. या आपल्या खुंट्या. साधारण दर दहा-पंधरा सेकंदांना एखादी खुंटी हवी, कारण अंदाजाची चूक पुढच्या खुंटीपर्यंतच टिकते.

समजा, १२.४ ते २१.४ सेकंद या खुंट्यांमध्ये तीन तुकडे आहेत. त्यांत उच्चारी अक्षरे १२, १८ आणि १५, म्हणजे एकूण ४५. नऊ सेकंदांना ४५ अक्षरे, म्हणून अक्षरामागे ०.२ सेकंद. तुकड्यांना अनुक्रमे २.४, ३.६ आणि ३ सेकंद मिळतात.

```
1
00:00:12,400 --> 00:00:14,800
पेरण्याआधी माती भिजवून घ्या

2
00:00:14,800 --> 00:00:18,400
मग बोटाने खड्डा करून त्यात दोन बिया टाका

3
00:00:18,400 --> 00:00:21,400
वरून माती लोटून थोडे पाणी शिंपडा
```

मोजणी कानाने करा. संगणक मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजतो. ‘स्त्री’ त्याच्या लेखी सहा चिन्हे, उच्चारात एक अक्षर. आकडेही बोलल्याप्रमाणे धरा: ‘१३५’ म्हणजे ‘एकशे पस्तीस’.

फाइल साध्या एडिटरमध्ये लिहा, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर देवनागरीचा कचरा दिसू शकतो. सेकंदांनंतर टिंब नव्हे, स्वल्पविराम येतो आणि दोन नोंदींमध्ये रिकामी ओळ लागते. नाव व्हिडिओचेच ठेवून शेवटी `.srt` लावा आणि दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे व्हीएलसी सबटायटल बहुधा आपोआप उचलतो.

आता चालवून पाहा. सगळीच सबटायटल सारख्याच फरकाने मागेपुढे असतील, तर सर्व वेळांत तेवढी भर किंवा घट करा. फरक एकाच पट्ट्यात दिसत असेल, तर तिथला मजकूर तपासा. टाइप करताना ‘म्हणजे’, ‘अं’, अडखळणे गाळलेले असते. त्या शब्दांनी खाल्लेला वेळ हिशेबात नसल्याने त्यानंतरचे सबटायटल बोलण्याच्या आधीच उगवते. तीच गत मधल्या न टिपलेल्या विरामाची. अशा जागी नवी खुंटी ठोका आणि तेवढ्याच पट्ट्याचा हिशेब पुन्हा करा. अर्धा सेकंदाहून कमी फरक मी सहसा सोडून देते. मात्र बोलणारा बदलतो तिथे तेवढाही खटकतो, म्हणून तिथली वेळ नेहमी ऐकूनच घ्यावी.