‘१६ गेज’ म्हणजे नेमके किती मिलिमीटर? फ्लॅट पॅटर्न काढण्याआधी या चुका टाळा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये भिंतीवर गेजचा तक्ता लावलेला होता. १६ गेज म्हणजे १.६२६ मिमी, हे सगळ्यांना पाठ. मग अमेरिकन ड्रॉइंगवर एक ॲल्युमिनियमचा ट्रे आला, ‘१६ गेज’ लिहिलेला. पत्रा ग्राहकानेच पाठवला होता. मी तक्त्यातला आकडा घेतला आणि फ्लॅट, म्हणजे बेंड करण्याआधीच्या सपाट पत्र्याचं माप, काढला.

ट्रेची बाहेरची मापं अशी: तळ २००, दोन्ही बाजू ५०-५० आणि वरची दुमड १५-१५. बेरीज ३३० मिमी, ९० अंशाचे चार बेंड. आतला रेडियस २ मिमी, के-फॅक्टर ०.४२.

```
BD = 2(R+T) - (π/2)(R + K·T)
```

यात BD म्हणजे बेंडमागची वजावट, R आतला रेडियस, T पत्र्याची जाडी आणि K के-फॅक्टर. १.६२६ जाडीला प्रत्येक बेंडमागे ३.०४ मिमी वजा होतात, म्हणून ब्लँक ३१७.८४ कापला. बेंड झाल्यावर कोन गुनियाला बरोबर लागला, पण मापांची बेरीज ३२८.२ आली. ट्रे १.८ मिमी आखूड.

इथे मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. पत्रा न मोजता सॉफ्टवेअरमध्ये के-फॅक्टर वाढवत बसलो. माप जुळलं तेव्हा के होता ०.५९. तिथेच थांबायला हवं होतं. के म्हणजे आतल्या बाजूपासून न्यूट्रल अक्ष किती खोल आहे त्याचं जाडीशी प्रमाण. साध्या बेंडमध्ये हा अक्ष पत्र्याच्या मध्यापलीकडे जात नाही, म्हणजे के ०.५च्या वर जायला नको. गेला, तर चूक दुसरीकडे आहे.

सीनियर फोरमननी फक्त एवढंच विचारलं, “पत्रा मोजलास का?” मायक्रोमीटर लावला: १.२९ मिमी. भिंतीवरचा तक्ता ब्रिटिश एसडब्ल्यूजीचा. अमेरिकेत ॲल्युमिनियमला ब्राउन अँड शार्प गेज लावतात आणि त्यात १६ म्हणजे १.२९. तिथेच साध्या स्टीलला १६ गेज म्हणजे १.५१९, गॅल्व्हनाइज्डला १.६१३. आकडा एकच, पण धातू आणि देश बदलला की जाडी बदलते. १.२९ घातल्यावर वजावट २.५९ झाली आणि ब्लँक ३१९.६४. पुढचा ट्रे मापात बसला.

तुमचाही जॉब आखूड किंवा लांब येत असेल, तर फरकाला बेंडच्या संख्येने भागा. आमचे १.८ भागिले ४ म्हणजे ०.४५. जॉबच्या दुसऱ्या दिशेला दोनच बेंड असतील आणि तिथेही बेंडमागे तेवढाच फरक निघाला, तर कटिंगपेक्षा बेंडच्या वजावटीवर संशय घ्या आणि आधी जाडी तपासा. स्टीलमधला १.६२६ आणि १.५१९चा घोळ जास्त फसवा असतो. याच रेडियसला बेंडमागे जेमतेम ०.१४ मिमी फरक पडतो, त्यामुळे एका बेंडच्या ब्रॅकेटमध्ये तो कळतही नाही.

मोजताना मायक्रोमीटर कडेपासून थोडा आत लावा, कारण कापलेल्या कडेवरची बर जाडी वाढवून दाखवते. प्लॅस्टिकची फिल्म असेल तर तेवढ्या जागेपुरती सोलून घ्या. तीन-चार ठिकाणी मोजा आणि तीच जाडी मिमीमध्ये जॉब कार्डावर लिहा. आमच्या कार्डावर आता गेजचा रकानाच नाही.